गळती नेमकी कुठे?

देवगडचा हापूस स्वतःच्या वेबसाइटवरून मुंबई-पुण्याला विकणारा एक बागायतदार आपण आज डोळ्यांसमोर आणू. आकडे मी हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. वाट मात्र खरीखुरी आहे. साइटवर माणूस येतो, पेटीचं पान उघडतो, पेटी कार्टमध्ये टाकतो, चेकआउटला जाऊन पत्ता भरतो आणि शेवटी पैसे देतो. दर पायरीवर काही जण गळतात. किती आले आणि किती पुढे गेले, याचा दर आठवड्याचा तक्ता म्हणजे फनेल रिपोर्ट.

पहिल्या आठवड्यात साइटवर दहा हजार माणसं आली. त्यांतल्या चार हजारांनी पेटीचं पान पाहिलं, आठशेंनी पेटी कार्टमध्ये टाकली, चारशे चेकआउटला गेले आणि 240 जणांनी पैसे भरले. म्हणजे शंभरात अडीच गिऱ्हाइकंसुद्धा नाहीत. हे ऐकून बागायतदार हिरमुसतो, पण या एका आकड्यावरून दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्याने इन्स्टाग्रामवर जाहिरात दिली. माणसं पंधरा हजार आली, विक्री मात्र 245 वरच थांबली. एकूण टक्केवारी अडीचच्या जवळून दीडच्या आसपास उतरली. साइट बिघडली असेल म्हणून त्याने वेबसाइटवाल्याला फोन लावला. आता पायऱ्या बघा. चेकआउटला गेलेल्यांपैकी पैसे भरणारे आधीही शंभरात साठ होते, आताही साठच आहेत. कार्टमधून चेकआउटला जाणारे निम्मे होते, तेही तसेच आहेत. घसरण आहे ती अगदी वरच्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे जाहिरातीने नुसते बघे आणले. साइटला हात लावायचं काही कारण नाही. जाहिरातीला किती पैसे गेले, एवढंच बघायचं.

तिसऱ्या आठवड्याची गोष्ट निराळी. जाहिरात बंद, माणसं पुन्हा दहा हजार, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या पहिल्या आठवड्यासारख्या. पण चेकआउटच्या चारशेंपैकी पैसे भरणारे फक्त 160 दिसतात. आता इथे लोक घाईने डिलिव्हरीचा खर्च कमी करतात, सवलतीची कुपनं काढतात. त्याआधी एक काम करावं. तोच आकडा मोबाइल आणि कॉम्प्युटर असा वेगळा काढावा. इथे कॉम्प्युटरवरचे लोक पूर्वीइतकेच पैसे भरताहेत, गळती फक्त मोबाइलवर आहे. डिलिव्हरीचा खर्च तर दोघांनाही सारखाच लागतो, तेव्हा तो गुन्हेगार नव्हे.

मग पेमेंट गेटवेची यादी उघडायची, म्हणजे प्रत्यक्ष जमा झालेल्या पैशांची. तिथे त्या आठवड्याचे 236 व्यवहार आहेत! विक्री पडलेलीच नाही, मोजणारा चुकतोय. साइटवर खरेदीची नोंद कधी होते? ‘धन्यवाद’ हे पान उघडलं की. मोबाइलवर यूपीआयने पैसे देणारा माणूस ब्राउझरमधून उठून गूगल पे किंवा फोनपेमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे गेल्याचा मेसेज पाहतो आणि तिथूनच व्हॉट्सॲपकडे वळतो. परत ब्राउझरमध्ये येऊन आपलं पान बघायला त्याला सवड कुठे असते! तसे काही जण पहिल्यापासून निसटत असणारच. त्यात याच आठवड्यात साइटवर काही बदल झाला आणि ॲपमधून परत येण्याचा रस्ताच तुटला, तर फरक एवढा मोठा दिसतो. उपाय असा की, पैसे मिळाल्याचा निरोप गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरला येतो, खरेदीची नोंद त्या निरोपावर करायची. प्रत्येक नोंदीला ऑर्डर क्रमांक जोडायचा, म्हणजे तोच निरोप दोनदा आला तरी खरेदी एकदाच मोजली जाईल.

गेटवेच्या यादीतही 160च निघाले असते, तर गळती खरी. मग अयशस्वी झालेले व्यवहार बघायचे, कारण तिथे बँकेचा नकार आणि वेळ संपल्याची नोंद वेगवेगळी सापडते.

एक अडचण मात्र उरतेच. रविवारी रात्री पेटी कार्टमध्ये टाकून घरच्यांना विचारणारा माणूस पैसे सोमवारी भरतो. आठवडा रविवारी संपत असेल, तर त्याचं येणं एका आठवड्यात आणि खरेदी दुसऱ्या आठवड्यात पडते. म्हणून माणूस ज्या आठवड्यात पहिल्यांदा आला, त्याच आठवड्यात त्याची खरेदी धरणं मला जास्त पटतं. तसं केलं की सोमवारी सकाळी काढलेली ताजी ओळ नेहमीच थोडी कच्ची असणार. ती गुरुवारी पुन्हा काढावी, आणि मागच्या आठवड्याशी तुलना करताना त्याचीही गुरुवारची ओळच घ्यावी, सोमवारची नव्हे.