भाड्याच्या खोलीचं पहिलं लाइटबिल

(नव्या भाडेकरूंसाठी झालेल्या बैठकीतलं बोलणं)

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले बरेचजण मुंब्रा, कुर्ला सोडून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला भाड्याने येतात. भाडं परवडतं म्हणून. ॲग्रीमेंट होतं, डिपॉझिट देतो, सामान चढवतो. मीटरकडे मात्र कुणी बघत नाही, आणि पहिलं बिल आलं की भांडण. आज मी एकाच बिलाची गोष्ट सांगणार आहे. माझ्या खालाच्या मुलाची. त्याचं नाव सांगत नाही, तो मागच्या रांगेत बसलाय.

10 मेला तो अंबरनाथला खोली घेऊन आला. जून महिन्यात महावितरणचं बिल आलं, त्यावर वापर 292 युनिट. घरमालक म्हणाले, "बेटा, शंभरच्या वर गेलं की बाराचा भाव लागतो. 292 गुणिले 12, म्हणजे 3504 रुपये. शिवाय स्थिर आकार." पोराचा पगार अठरा हजार. त्याने मला फोन केला, "भाईजान, एका पंख्याचं, एका कूलरचं आणि फ्रिजचं एवढं होतं का?"

मी आधी त्याला युनिट म्हणजे काय ते सांगितलं. एक हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. 75 वॉटचा पंखा साधारण तेरा तास फिरला की एक युनिट जळतं. दोन हजार वॉटचा गिझर मात्र अर्ध्या तासातच एक युनिट घेतो. म्हणजे वस्तू किती वॉटची आणि किती वेळ चालली, या दोन गोष्टींचा हा हिशोब आहे. कूलर आणि फ्रिज धरून त्याचे दिवसाला सहा युनिट होणं मेच्या उकाड्यात अगदी शक्य होतं. पण सव्वीस दिवसांत 292? तिथे मला शंका आली.

मग मी विचारलं, खोली घेतली त्या दिवशी मीटरचा फोटो काढलास का? नशीब, काढला होता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. डिजिटल मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो. कधी तारीख, कधी वेळ, कधी व्होल्टेज दिसतं. बिल ज्याच्यावर बनतं तो आकडा म्हणजे ज्याच्या शेजारी kWh असतं तो. नुसतं kW किंवा V असेल तर तो फोटो उपयोगाचा नाही. थोडं थांबा, kWh आलं की काढा, आणि मीटर नंबरही त्यात येऊ द्या. त्याच्या फोटोत 6248 होतं.

आता बिल उघडलं. चालू रीडिंग 6412, मागील रीडिंग 6120. वजाबाकी केली की 292. घरमालक खोटं बोलत नव्हते, बिलावर तेच होतं. पण मागील रीडिंग कधीचं? 5 मार्चचं! एप्रिल आणि मेच्या 5 तारखेला रीडिंगवाला आला तेव्हा खोली बंद, मीटर आतल्या गॅलरीत. म्हणून दोन महिने सरासरी बिल आलं, 70-70 युनिटचं, आणि ते घरमालकांनी भरलं होतं. 5 जूनला खरं रीडिंग मिळालं आणि तीन महिन्यांचा वापर एका बिलात उतरला. रीडिंग मिळालं नाही की बिल सरासरीने येतं, आणि बिलावर रीडिंगच्या जागी तसा शेरा असतो. सरासरीचं बिल छोटं आलं म्हणून खूश होऊ नका. मीटर थांबलेला नसतो, तो मोजतच असतो.

म्हणजे 292 पैकी 6120 ते 6248, हे 128 युनिट माझ्या भावाच्या येण्याआधीचे. त्याचे 6248 ते 6412, म्हणजे 164.

दुसरी चूक भावाची होती, म्हणजे दराची. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होते: 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, मग 500 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. शंभर ओलांडले म्हणून सगळी युनिटं महाग होत नाहीत, फक्त वरची होतात. आणि तीन महिन्यांचा वापर एकदम आला तर टप्पाही तीन महिन्यांत वाटून द्यायचा असतो. म्हणजे स्वस्त दराचे शंभर नाही, तीनशे. दर बदलत राहतात, म्हणून हिशोबाला गोल आकडा घेऊ: पहिल्या टप्प्यात वीज आकार, वहन आकार मिळून 6 रुपये, दुसऱ्यात 12.

292 युनिट एकाच महिन्याचे धरले तर शंभराचे 600 आणि 192 चे 2304, मिळून 2904. तीन महिन्यांत वाटले तर सगळेच पहिल्या टप्प्यात बसतात, 1752 होतात. त्यातून सरासरीचे आधी भरलेले 840 वजा झाले की बाकी 912. बिलातही असंच होतं. जर कुणाच्या बिलात हे वाटप दिसलं नाही, तर जुनी दोन बिलं आणि मीटरचा फोटो घेऊन कार्यालयात बिल दुरुस्तीचा अर्ज द्या. 1912 वरही तक्रार नोंदवता येते.

आम्ही दोघं घरमालकांकडे गेलो. मी म्हटलं, "काका, 164 युनिटचे 984 हा देणार. 912 बिलात भरतो आणि 72 तुमच्या हातात देतो, कारण जुन्या 128 युनिटचे 768 होतात आणि तुम्ही 840 भरलेत." काकांनी चष्मा लावून फोटो पाहिला, आकडा दोनदा वाचला. मग हसले. "माझंच 72 निघालं की!" वीज शुल्काचे 16 टक्केही त्याच प्रमाणात वाटून घेतले.

राहिला स्थिर आकार. एक युनिट न जाळताही तो येतोच, कारण तो जोडणीचा आहे, वापराचा नाही. खोली रिकामी होती त्या दिवसांचा तो घरमालकांचा, हे काकांनी मान्य केलं. वाद व्हायला नको असेल तर ॲग्रीमेंटमध्येच लिहून घ्या.

हे मिटल्यावर भाऊ म्हणाला, आता एसी घेतो. म्हटलं, आधी बिलावरचा मंजूर भार बघ. तिथे 1 किलोवॉट होतं. युनिट म्हणजे हंड्यात किती पाणी भरलं, आणि भार म्हणजे नळाची जाडी, एका वेळी किती वाहू शकतं. एसी दीड किलोवॉट, त्यावर गिझर दोन, दोन्ही एकदम लागले की साडेतीन. एमसीबी पडेल, किंवा जुनी वायरिंग असेल तर ती गरम होईल, आणि पिनपाशी जळका वास येईल. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवणारे वायरमन आहेत. त्याने वायर जाड होत नाही, फक्त इशारा बंद होतो. सिंगल फेज घरगुती जोडणीत भार वाढवला म्हणून स्थिर आकार किलोवॉटमागे वाढत नाही, तेव्हा भीती नको. पण भारवाढीचा अर्ज ज्याच्या नावे मीटर त्यानेच करायचा असतो. काका सही द्यायला तयार आहेत. वायरिंग कोण बदलणार, यावर बोलणं अजून चालू आहे.