तीन लाखांची तफावत

तिमाही वित्तीय अहवालात तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि तफावत हे तीन रकाने शेजारी शेजारी असतात. त्यांच्यापुढे एक चौथा रकाना असतो, स्पष्टीकरणाचा. आज मी या चौथ्या रकान्याविषयी बोलणार आहे, आणि तेही एकाच लेखाशीर्षाच्या आधारे: पाणी उपसण्याचे वीजबिल.

हे शीर्ष निवडण्याचे कारण आपल्या गावातच आहे. कल्याण-डोंबिवलीचे बरेचसे पाणी उल्हास नदीतून येते. मोहिली, बारावे, नेतिवली या केंद्रांची नावे आपण पाणीकपातीच्या बातम्यांत वाचतो. नदीचे पाणी उचलायचे, शुद्ध करायचे आणि उंच टाक्यांत चढवायचे, तर त्याला वीज लागते आणि तिचे बिल मोठे असते. शिवाय ही नदी पावसाळ्यात आपले अंदाज मोडते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती, ते आपल्याला आठवत असेल. असा पूर आला की नदीकाठच्या पंपांना धोका असतो, ते बंद ठेवावे लागतात.

पुढचे आकडे कोणत्याही महापालिकेचे नाहीत. उदाहरणासाठी एक उपसा केंद्र मी कल्पिले आहे. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीसाठी त्याची तरतूद २४० लाख रुपये आहे. त्यामागे ३० लाख युनिट आणि युनिटमागे सरासरी ८ रुपये असा हिशेब आहे. प्रत्यक्ष बिले २४३ लाखांची आली. तफावत तीन लाखांची, म्हणजे सव्वा टक्का. अनेक कार्यालयांत पाच किंवा दहा टक्क्यांच्या आतील फरकाला स्पष्टीकरण लागत नाही. इथे फार तर 'विजेचे दर वाढल्याने किरकोळ वाढ' असे लिहिले जाईल आणि पान उलटले जाईल.

पान उलटण्याआधी पहिली तपासणी अशी करायची की ही तफावत मुळात खरी आहे का. सप्टेंबरचे बिल ऑक्टोबरमध्ये येते. खर्च पैसे दिले त्या दिवशी नोंदवण्याची पद्धत असेल, तर तिमाहीत सप्टेंबरऐवजी जूनचे बिल दिसेल आणि तफावत भलत्याच महिन्यांची निघेल. देणे ज्या महिन्याचे, खर्च त्याच महिन्याचा, ही पद्धत २००४ च्या राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिकेने नागरी संस्थांसाठी मांडली. तरी आपल्यापुढे आलेला अहवाल कोणत्या पद्धतीने केला आहे, हे दर वेळी विचारावे. दुसरा फसवा फरक वर्षाची तरतूद सरसकट चार समान भागांत वाटल्याने निर्माण होतो. नालेसफाईचे काम पावसाआधी होते आणि बिले मोजमाप तपासून नंतर मंजूर होतात. तिथे पहिल्या तिमाहीत बचत आणि दुसरीत उधळण दिसते, आणि दोन्ही खोट्या असतात. अशा वेळी टिपणीत कालावधीचा फरक आहे एवढेच स्पष्ट लिहावे, उगाच कारणे शोधू नयेत.

आपल्या उदाहरणात तिन्ही महिन्यांची बिले धरलेली आहेत. म्हणून आता बिल उघडून पाहू. युनिट ३० लाखांऐवजी २७ लाख लागले आणि सरासरी दर ८ ऐवजी ९ रुपये पडला. तीन लाख युनिट कमी, ८ रुपयांनी २४ लाखांची घट. सत्तावीस लाख युनिटांवर एकेक रुपया जास्त, म्हणजे २७ लाखांची वाढ. दोन मोठ्या हालचाली एकमेकींना खाऊन टाकतात आणि वर तीन लाख उरतात. टक्केवारीची मर्यादा फक्त शेवटच्या आकड्याला लावली तर हे सगळे तिच्याखालून निसटते. माझ्या मते ती मर्यादा वापर आणि दर या दोन घटकांना वेगवेगळी लावायला हवी.

इथेही थांबून चालत नाही, कारण 'दर वाढला' हे अर्धेच खरे आहे. उच्चदाब बिलात युनिटांबरोबर बदलणारा वीज आकार असतो आणि कमाल भारावर ठरणारा मागणी आकार असतो. आपल्या तरतुदीत युनिटमागे ७ रुपये वीज आकार आणि तिमाहीचा ३० लाख मागणी आकार धरला होता. पंप बंद राहिले तरी हे ३० लाख भरावेच लागतात. ते कमी युनिटांवर वाटले गेले, म्हणून सरासरी दर फुगलेला दिसतो. त्यामुळे युनिटांतील घटीने वाचलेले पैसे २४ लाख नव्हेत, तीन लाख युनिट गुणिले ७, म्हणजे २१ लाख. वाढीच्या बाजूला इंधन समायोजन आकार आहे: युनिटमागे ८० पैसे, २७ लाख युनिटांचे २१ लाख ६० हजार. उरले २ लाख ४० हजार. ते करारातील कमाल मागणी ओलांडल्याचे निघाले. पुरानंतर पंप पुन्हा सुरू करताना रिकाम्या टाक्या लवकर भराव्यात म्हणून राखीव पंपासह सगळे एकदम चालवले गेले, आणि जादा भाराला दंडाचा दर लागला. आता बेरीज जुळते.

युनिट कमी लागण्यामागे पूर, हे कारण मात्र अजून पारखलेले नाही. तीन लाख युनिट म्हणजे किती दिवसांचा वापर? ९२ दिवसांना ३० लाख, म्हणून दिवसाला सुमारे ३२ हजार ६०० युनिट. तीन लाखांना नऊ दिवस आणि थोडे वर. पंपहाउसची नोंदवही काढली तर पुरामुळे उपसा चारच दिवस पूर्ण बंद होता. पूर फक्त १ लाख ३० हजार युनिटांचा हिशेब देतो. बाकीचे १ लाख ७० हजार कुठे गेले, हे अभियंत्याला विचारावे लागते. कळते की एक मोटर जळाली होती आणि वाइंडिंगसाठी बाहेर गेली होती, आणि तिच्या बंद काळाचा हिशेबही तेवढाच भरतो. कारण घडलेले आहे एवढ्याने ते तफावतीला पुरे पडत नाही. ते किती रुपयांचे किंवा किती युनिटांचे आहे, हे मोजून दाखवले की मग ते स्पष्टीकरण होते. मोजल्यावर काही उरले आणि त्याचे कारण सापडले नाही, तर 'इतक्या रकमेचा उलगडा बाकी' असे लिहावे. लेखापालाने ती रक्कम पुराच्या खात्यात ढकलणे मला अत्यंत गैर वाटते, कारण मग नादुरुस्त मीटरही पुराच्या नावाखाली वर्षभर दडून राहतो.

तेव्हा टिपणी अशी होईल: 'खर्च तरतुदीपेक्षा ३ लाख जादा. वापर ३ लाख युनिट कमी, त्यामुळे २१ लाख घट, पैकी १.३ लाख युनिट पुरामुळे चार दिवस उपसा बंद, १.७ लाख युनिट एक मोटर दुरुस्तीस. इंधन समायोजन आकार २१.६ लाख जादा. करारातील मागणी ओलांडल्याने २.४ लाख जादा; पंप टप्प्याने सुरू करण्याची सूचना पाणीपुरवठा विभागास दिली.' यात मोघम विशेषण एकही नाही आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद आहे: बिल, नोंदवही, दुरुस्तीचा आदेश.

शेवटची ओळ बहुतेक टिपण्यांत नसते, ती म्हणजे पुढे काय होणार. पूर ओसरला, मोटर परत आली, म्हणजे २१ लाखांची घट पुन्हा होणार नाही. दंडही सूचना पाळल्यास टळेल. इंधन समायोजनाचा दर महिन्यागणिक बदलतो. पण तो ८० पैसेच राहील असे धरले आणि उरलेल्या दोन तिमाहींत ठरल्याप्रमाणे ३०-३० लाख युनिट लागले, तर प्रत्येकीत २४ लाख जादा, मिळून ४८ लाख. पहिली तिमाही तरतुदीप्रमाणे गेली असेल, तर आजचे तीन मिळवून वर्षअखेर ५१ लाख कमी पडतील. ही ओळ, तिच्यातील गृहीतकांसह, ऑक्टोबरमधल्या टिपणीत असली तर सुधारित अंदाजात रक्कम मागता येते. नसली तर मार्चमध्ये वीजबिल भागवायला दुसऱ्या एखाद्या कामाची तरतूद वळवावी लागते, आणि त्या कामाच्या स्पष्टीकरणाच्या रकान्यात 'निधीअभावी काम हाती घेतले नाही' असे लिहिले जाते.