रेडिओ निवेदकाचा बायोडेटा

रेडिओ निवेदकाच्या बायोडेटात सर्वांत आधी पाहिला जातो तो कार्यक्रमांचा तपशील, आणि नेमका तोच बहुधा मोघम असतो. ‘सकाळच्या लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रसंचालन’ या ओळीतून काहीच कळत नाही. तिच्या जागी ‘कोल्हापूरचे खासगी एफएम केंद्र, सोमवार ते शनिवार, सकाळी ७ ते ११, थेट प्रसारण, जुलै २०२१ ते मार्च २०२४’ असे लिहिले, की कामाचा आवाका दिसतो. सकाळच्या वेळेला जाहिरातदारांची मागणी मोठी असते. तिथे पावणेतीन वर्षे टिकलेल्या माणसाबद्दल कार्यक्रमप्रमुखाला वेगळे सांगावे लागत नाही. आकाशवाणीवर हंगामी उद्घोषक म्हणून काम केले असेल, तर तसेच लिहावे. ते कायम नोकरीसारखे मांडले, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

खरी गोची होते श्रोत्यांच्या आकड्यात. खासगी एफएमच्या श्रोत्यांची मोजणी ‘रॅम’ या पद्धतीने २००७ साली सुरू झाली. त्यात निवडक श्रोते कोणते केंद्र केव्हा ऐकले, हे डायरीत नोंदवत. ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या शहरांची. त्यामुळे कोल्हापूरच्या निवेदकाने ‘१० लाख श्रोते’ असे लिहिले, तर तो आकडा बहुतेक वेळा ट्रान्समीटरच्या टप्प्यातल्या लोकसंख्येचा असतो. टप्प्यात राहणारा प्रत्येक माणूस रेडिओ लावतोच असे नाही, हे वाचणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्यापेक्षा ‘श्रोत्यांचे तासाला सरासरी ४० व्हॉट्सअ‍ॅप संदेश, केंद्राच्या नोंदीनुसार’ ही ओळ लहान असूनही भाव खाऊन जाते, कारण ती तपासता येते.

लेखनाबाबत विशेषणे नकोत. दोन गाण्यांमधल्या बोलण्याला लिंक म्हणतात; रोज किती लिंक स्वतः लिहिल्या आणि किती लेखकाकडून आल्या, एवढे पुरते. सोबत गाणी कापून फक्त लिंक ठेवलेला तीनेक मिनिटांचा ध्वनिमुद्रित नमुना द्यावा. सुरुवात सर्वांत चांगल्या लिंकने करावी, कारण नमुना शेवटपर्यंत ऐकला जाईलच याची खात्री नसते.

थेट प्रसारणात कन्सोल कोणी सांभाळला, हा कळीचा मुद्दा. स्वतः फेडर हाताळत फोनवरचे श्रोते घेणारा आणि काचेपलीकडच्या निर्मात्याच्या खुणेवर बोलणारा, यांचे काम वेगळे. दुसऱ्यात कमीपणा नाही, पण एकट्याने पाळी सांभाळणारा माणूस हवा असलेल्या छोट्या केंद्राला हा फरक आधीच कळायला हवा.

प्रायोजित भागाबद्दल स्वरूप, कालावधी आणि परिणाम लिहावा: ‘सराफी पेढीची ३० भागांची मालिका, लेखन व वाचन स्वतःचे, प्रायोजकाकडून दुसऱ्या वर्षीही करार’. कराराची रक्कम मात्र लिहू नये. ती केंद्राची अंतर्गत माहिती असते, आणि आज जुन्या केंद्राचे दर उघड करणारा उद्या आपलेही करील, अशी शंका नव्या मालकाला येते.