वहीची पीडीएफ आणि यंत्राचं वाचन

कुणी आजोबांची टिपणवही स्कॅन केली, तरी पीडीएफमध्ये असतं ते नुसतं चित्र. छापील अक्षरांवर तयार झालेली वाचनसाधनं हस्ताक्षरावर अडखळतात. हस्ताक्षरावर शिकवलेलंच साधन हवं. ‘९० टक्के अचूक’ या आकड्याला मात्र भुलू नका. दहांत एक अक्षर चुकलं, तर पाच अक्षरी शब्दांपैकी दहांतले सुमारे चार बिघडतात! नावं आणि रकमा सर्वांत धोक्याच्या, कारण तिथली चूक संदर्भाने उमगत नाही. मोडीत तर शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते. मोडीतली वही जाणकाराकडेच न्यावी. ३०० डीपीआयने स्कॅन करा, एक पान स्वतः टंकून यंत्राच्या वाचनाशी ताडा, मगच बाकीची वही त्याच्याकडे सोपवा.