तुम, तुम्ही आणि आपण : घरातल्या मोठ्यांना हाक मारताना

आज मी मानाच्या संबोधनांविषयी बोलणार आहे. पण मोठ्यांना मान कसा द्यावा, हे सांगायला मी बसलेलो नाही. ते आपल्याला घरातून शिकवलेलं असतं. मला सांगायचंय ते वेगळं आहे. प्रत्येक भाषेत हा मान बसायची जागा वेगळी असते. कुठे तो सर्वनामात असतो, कुठे क्रियापदाच्या शेपटीत, कुठे नात्याच्या नावात. आणि एका घरात दोन भाषा आल्या, की आपण आपल्या भाषेतली जागा दुसऱ्या भाषेत शोधायला जातो. तिथे मान नसतो, निराळंच काहीतरी असतं. आता आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. सुना-जावई वेगवेगळ्या प्रांतांतून येतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यातलाच आहे.

आधी आपली मराठी पाहू. आपण म्हणतो, तू म्हणजे जवळचा आणि तुम्ही म्हणजे मानाचा. पण घरात हे इतकं सरळ चालत नाही. बहुतेक घरांत आई 'तू' असते. 'अगं आई, तू कधी आलीस?' आणि वडील, निदान माझ्या पिढीत, 'तुम्ही'. 'अहो बाबा, तुम्ही कधी आलात?' पाठीमागे बोलतानाही तसंच. आई आली, बाबा आले. आईला एकवचन, वडिलांना अनेकवचन. यात आईचा मान कमी आहे असं कुणाला वाटत नाही. देवालासुद्धा आपण तूच म्हणतो.

मग सून घरात येते. ती सासूलाही आई म्हणते, पण 'अहो आई' म्हणते. स्वतःची आई 'आली' आणि सासू 'आल्या'. शब्द एकच, आई. कोणती आई ते क्रियापद सांगतं. तिचा फोन बाहेरच्या माणसाने ऐकला, तर ती माहेरी बोलतेय की सासरी, हे त्याला दोन वाक्यांत कळतं. मराठीत मान असा क्रियापदात आणि हाकेत मुरलेला आहे. अगं, अहो, ए, अरे ही चार अक्षरं नात्याचं अंतर जितकं नेमकं सांगतात, तितकं नात्याचं नावही सांगत नाही.

आता हिंदीकडे वळू. आपल्या माणसांची सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते. मराठीत पायऱ्या दोन : तू आणि तुम्ही. घरगुती बोलण्यात तुम्ही ही वरची पायरी. हिंदीत पायऱ्या तीन : तू, तुम आणि आप. तिथे 'तुम' ही मधली पायरी आहे. बरोबरीच्यांसाठी, धाकट्यांसाठी. मराठी माणूस हिंदी बोलायला लागला, की त्याला 'तुम' आणि 'तुम्ही' हे सख्खे भाऊ वाटतात. दिसतातही तसे. तो अगदी मनापासून मान देत म्हणतो, 'काकाजी, तुम बैठो.' मुंबईत कुणाला काही वाटत नाही. लखनौमध्ये मात्र काकाजी बसतात आणि गप्प होतात.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरचीच गोष्ट सांगतो. कुटुंब साताऱ्याकडचं, सून लखनौची, मुलगा-सून बेंगळुरूला. लग्नानंतर दोन्ही विहिणींचं फोनवर बोलणं सुरू झालं. साताऱ्याच्या वहिनी मोठ्या प्रेमाने विचारायच्या, 'तुम कैसी हो? तुम कब आओगी?' मराठीत त्या विहीणबाईंना 'तुम्ही कशा आहात' म्हणाल्या असत्या, तेच त्यांनी हिंदीत नेलं. लखनौच्या बाई कधी काही बोलल्या नाहीत. ज्या घरात पाच वर्षांच्या मुलालाही 'आप खाइए' म्हणायची पद्धत असते, म्हणजे मूल ऐकून ऐकून तसंच बोलायला शिकेल, त्या घरातून त्या आलेल्या. त्यांना एवढंच समजलं, की मुलीची सासू आपल्याला कमी लेखते. फोन आठवड्याचे महिन्यावर गेले. 'तबियत ठीक नहीं है' हे कारण पुढे यायला लागलं. आणि इकडे वहिनींना वाटायचं, बाईंना आमचं घर पसंत नाही.

उलगडा सुनेने केला. सासूबाई त्यांच्या थोरल्या जावेशी फोनवर मराठीत बोलत होत्या. 'तुम्ही औषध घेतलंत का? तुम्ही जपून राहा.' मोठ्या जाऊबाई, ऐंशीच्या घरातल्या, आणि त्यांना हे 'तुम्ही'. सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आईला जे 'तुम' जातंय ते हे आहे. तिने दोन्हीकडे समजावून सांगितलं. लखनौच्या बाई खूप हसल्या म्हणतात. पण हसण्यापर्यंत यायला आठ-दहा महिने गेले होते.

उलट बाजूही त्याच घरात घडली. सुनेने मराठी शिकायला घेतली आणि 'आप'ला मराठीत काय, तर 'आपण', असं धरून चालली. पुस्तकाप्रमाणे ते खोटं नाही. आपण हे मानाचं 'तुम्ही'सुद्धा आहे. सभेत, पत्रात, अनोळखी वडीलधाऱ्यांशी आपण ते वापरतो. पण घरात 'आपण' म्हणजे तू आणि मी, सगळे मिळून. एकदा सासूबाई बेंगळुरूला आल्या होत्या, संध्याकाळी त्यांना एका नातेवाइकांकडे जायचं होतं. सुनेने विचारलं, 'आई, आपण कधी निघणार?' तिला विचारायचं होतं, 'आप कब निकलेंगी', म्हणजे गाडी बोलावता येईल. सासूबाईंना ऐकू आलं, की सूनही बरोबर येतेय. त्या म्हणाल्या, 'तुझं आवरलं की.' सून म्हणाली, 'माझं काय आवरायचं?' झालं. एक साडी नेसून सोफ्यावर बसून राहिली, दुसरी गाडी बोलावू की नको या विचारात. तासभर दोघीही एकमेकींवर मनातून नाराज.

यातला बारकावा असा. 'आपण निघालो' म्हटलं तर आपण सगळे, आणि 'आपण निघालात' म्हटलं तर समोरचा माणूस. क्रियापद भानगड सोडवतं. पण 'निघणार' या रूपात तो फरकच दिसत नाही. 'आपण येणार', 'आपण जेवणार', कोणीही असू शकतं. म्हणून हिंदी घरातून आलेल्या सुनेला किंवा जावयाला मी एकच सांगतो : घरात 'आप'चं मराठी 'तुम्ही' करा, 'आपण' नको. आणि आपल्या माणसांना सांगतो, 'तुम्ही'चं हिंदी 'आप' करा, आणि त्याबरोबर क्रियापदही बदला. 'आप बैठो' हे अर्धंच काम झालं. मुंबई-दिल्लीत ते चालून जातं, पण जुन्या वळणाच्या घरात 'आप बैठिए'च लागतं.

आता कुणी म्हणेल, मग सगळीकडे सगळ्यात वरचा शब्द वापरला की भागलं. नाही भागत. बंगालीत पाहा. तिथेही तीन पायऱ्या आहेत : तुइ, तुमि, आपनि. आपल्या हिंदीच्या सवयीने वाटतं, वडिलांना आपनि. पण बहुतेक बंगाली घरांत आई-बाबा, आजी-आजोबा 'तुमि' असतात. 'बाबा, तुमि खेयेछो?' म्हणजे बाबा, जेवलात का. ज्याला 'आपनि' म्हणायचं तो आदरणीय खरा, पण बाहेरचा. सासू-सासऱ्यांना अनेक घरांत सुरुवातीला आपनि म्हणतात, आणि पुढे कधीतरी तुमि होतं. जावयाने जन्मभर आपनि चालू ठेवलं, तर त्यात मान असतो, पण पाहुणेपण सरत नाही. तिथे मान सर्वनामापेक्षा नात्याच्या नावात जास्त सांभाळलेला आहे. थोरला भाऊ बड़दा, मधला मेजदा, त्याच्या खालचा शेजदा. हाकेतच क्रम आला, की 'तुमि' म्हणायला हरकत राहत नाही.

तमिळ घरात गेलात तर उलट ओळखीचं वाटेल. अनेक घरांत आईला 'साप्टिया?' आणि वडिलांना 'साप्टींगळा?' म्हणजे आपलंच जेवलीस आणि जेवलात. 'वा' म्हणजे ये, 'वांग' म्हणजे या. हा शेवटचा 'ंग' जवळजवळ कशालाही जोडता येतो. बायको नवऱ्याला हाक मारते 'एन्नंग', म्हणजे आपलं 'अहो'च. मराठी माणसाला तमिळ शिकताना हे लवकर जमतं, कारण मान दोन्हीकडे क्रियापदाच्या शेवटी बसतो.

मल्याळम मात्र आपल्याला पार गोंधळात टाकते. तिथे क्रियापद माणसाप्रमाणे बदलतच नाही. मी आलो, तू आलास, बाबा आले, सगळ्यांना 'वन्नु'. म्हणजे आपलं हक्काचं ठिकाणच गेलं. राहिलं सर्वनाम. 'नी' मोठ्यांना चालत नाही, आणि 'निंगळ' हे पुस्तकात मानाचं दिसलं तरी पुष्कळ ठिकाणी वडीलधाऱ्यांना ते उद्धट वाटतं. मग मुलगा समोर बसलेल्या वडिलांना काय विचारतो? 'अच्छन कळिच्चो?' बाबा जेवले का? वडिलांनाच, त्यांच्या तोंडावर. नात्याचं नावच सर्वनामाचं काम करतं. मराठी माणसाला ऐकून वाटतं, हा कुठल्या तिसऱ्या बाबांची चौकशी करतोय! एवढं एक कळलं, की मल्याळी सासरी अर्धं काम होतं : सर्वनाम टाळायचं आणि नातं म्हणायचं.

फौजेत आम्हाला याची थोडी सवय होती. नवा लेफ्टनंट बावीस-तेवीस वर्षांचा, आणि त्याच्या हाताखालचा सुभेदार त्याच्या वडिलांच्या वयाचा. हुद्द्याने सॅल्यूट सुभेदार करतो. पण लेफ्टनंट त्याला 'साहब' म्हणतो आणि 'आप' म्हणतो. हुद्द्याचा मान हातात, वयाचा मान तोंडात. दोन्ही एकाच वेळी चालतात, एकमेकांत येत नाहीत.

घरात मात्र असं ठरवून दिलेलं काही नसतं. म्हणून माणसं काय करतात, तर सर्वनामच गिळतात. नवा जावई आठवा. सासऱ्यांना काय म्हणावं ते ठरलेलं नसतं, म्हणून तो विचारतो, 'चहा झाला का?' 'जेवण झालं?' 'गावाकडे जाणं होतं का अधूनमधून?' सगळी वाक्यं बिनकर्त्याची. महिना-दोन महिने हे ठीक आहे. पण वर्षानंतरही एखाद्याचं बोलणं चहा आणि जेवण 'होण्या'वरच अडलेलं असेल, तर समजावं, की गाडी तिथेच थांबलीय. सर्वनामाशिवाय तब्येत विचारता येते. 'तुम्ही माझ्यावर रागावलात का' हे विचारता येत नाही, पैशाचं बोलता येत नाही, मृत्युपत्राचं तर नाहीच. अशा वेळी मोठ्यांनीच सांगून टाकावं, 'मला आई म्हण, आणि तुम्ही म्हण', किंवा 'तू म्हटलंस तरी चालेल'. धाकट्याला स्वतःहून ते ठरवता येत नाही.

हल्ली शहरांतली मुलं वडिलांना 'ए बाबा, तू' म्हणतात. माझ्या वयाच्या पुष्कळांना ते खुपतं. मला नाही खुपत. कारण तीच मुलं बाहेरच्या माणसाला फोनवर 'बाबा घरी नाहीत' असंच सांगतात. 'बाबा घरी नाही' असं सहसा ऐकू येत नाही. समोर तू आणि पाठीमागे अनेकवचन.

त्या सातारा-लखनौच्या घरात आता नातू आहे, चार वर्षांचा. आजीला तो 'तू' म्हणतो, नानीला 'आप'. दोघी एकत्र बसल्या असल्या, की दाराशी उभा राहून नुसतं विचारतो, 'खाना हो गया?' आणि दोघींचं उत्तर दोन भाषांत येतं.