साखर न पचवणारे यीस्ट



क्रोमॅटिनवर बोलायचे म्हटले की बहुतेक वक्ते माणसाच्या पेशीपासून सुरुवात करतात. मी यीस्टपासून करणार आहे. पाव फुगवणारे, दारू आंबवणारे तेच यीस्ट. आपल्या पेशीतला डीएनए उघडतो कसा, याचा पहिला धड धागा तिथे सापडला, आणि तोही दुसरेच काही शोधताना.

यीस्टला ग्लुकोज मिळाले तर ते दुसरीकडे बघत नाही. ग्लुकोज संपत आले आणि समोर उसाची साखर असली, तर ते इन्व्हर्टेज नावाचे विकर पेशीबाहेर सोडते, साखरेचे दोन तुकडे करते आणि मग ते खाते. हे विकर बनवणारे जनुक एरवी बंद असते आणि गरज पडली की उघडते. ते उघडते कोण, हे शोधण्यासाठी मेरियन कार्लसन यांच्या प्रयोगशाळेने 1980च्या दशकात साखरेवर न वाढणारी यीस्टची वाणे गोळा केली. प्रत्येकात कुठले ना कुठले जनुक बिघडलेले होते. त्या जनुकांपैकी दोन आज आपल्याला लागतील, स्निफ-2 आणि स्निफ-5.

त्याच सुमाराला आयरा हर्स्कोविट्झ यांचा गट यीस्टचे ‘लिंग’ कसे बदलते ते पाहत होता. साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी त्यांच्या हाती लागलेल्या जनुकांपैकी एक स्निफ-2च निघाले. साखर पचवणे आणि लिंग बदलणे या दोन्हींना एकच जनुक लागते, याचा अर्थ काय? हे प्रथिन एखाद्या विशिष्ट कामाचे नसून जनुके उघडण्याच्या सर्वसाधारण यंत्रणेचे असावे. पण त्याच्या वाटेत अडत काय होते?

इथे थोडे मागे जाऊ. माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि केंद्रक काही मायक्रोमीटरचे. 1973मध्ये ह्यूइश आणि बर्गॉइन यांनी उंदराच्या यकृतातल्या केंद्रकांमधला डीएनए विकराने तुटताना पाहिला. तो कसाही तुटला नाही. तुकडे ठरावीक लांबीच्या पटीत आले, जेलवर शिडीच्या पायऱ्या दिसाव्यात तसे. पुढच्याच वर्षी रॉजर कोर्नबर्ग यांनी त्याचा उलगडा मांडला: आठ हिस्टोन प्रथिनांचे एक रीळ आणि त्याभोवती गुंडाळलेला डीएनए. हाच न्यूक्लिओसोम. 1997 साली कॅरोलिन ल्यूगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्याची बारीक रचना दाखवली. सुमारे 147 बेस-जोड्यांचा डीएनए रिळाभोवती पावणेदोनपेक्षा किंचित कमी वेढे घेतो.

गुंडाळलेल्या डीएनएची एक बाजू हिस्टोनला टेकलेली असते. तिथे दुसऱ्या प्रथिनाला बसायला जागा नाही. न्यूक्लिओसोम अगदी निपचित नसतो, हे खरे. कडेचा डीएनए एका सेकंदात काही वेळा आपोआप सुटतो आणि लगेच पुन्हा चिकटतो. त्या क्षणात एखादे प्रथिन आत शिरू शकते. मधल्या भागाला मात्र ही सवलत फारशी नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. 1992मध्ये फ्रेड विन्स्टन यांच्या प्रयोगशाळेने स्निफ-2 किंवा स्निफ-5 नसलेले यीस्ट घेतले. त्याचे साखरेचे जनुक नीट उघडत नाही. या आधीच पंगू असलेल्या यीस्टचे त्यांनी आणखी एक नुकसान केले. एच-2-ए आणि एच-2-बी या हिस्टोनांच्या जनुकांचे यीस्टमध्ये दोन संच असतात. त्यांतला एक काढून टाकला. दुहेरी बिघाडाने यीस्ट आणखी खचेल, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच: साखरेचे जनुक पुन्हा चालू लागले. हिस्टोन कमी पडले तर उघडणाऱ्याची गरजही कमी होते. म्हणजे स्निफ प्रथिनांचे भांडण हिस्टोनांशीच होते. नंतर हर्स्कोविट्झ यांच्या गटालाही असेच आढळले. त्यांच्याकडे बिघाड भरून काढणारा एक बदल थेट एच-3 हिस्टोनमध्ये निघाला.

पण एक शंका उरते आणि ती रास्त आहे. क्रोमॅटिन उघडले म्हणून जनुक वाचले गेले, की जनुक वाचले जाताना क्रोमॅटिन विस्कटले? विन्स्टन यांच्या गटाने ही शंका टाळली नाही. वाचन सुरू करण्यासाठी लागणारा टाटा नावाचा डीएनएचा छोटा भाग त्यांनी बिघडवला. आता जनुक फारसे वाचले जाऊ शकत नव्हते. तरीही स्निफ प्रथिने शाबूत असलेल्या यीस्टमध्ये तिथले क्रोमॅटिन उघडलेलेच दिसले. आधी उघडणे, मग वाचणे. कारण आणि परिणाम इतक्या स्वच्छपणे वेगळे केलेले प्रयोग जीवशास्त्रात फार नाहीत.

पुरावा जनुकशास्त्राचा होता; यंत्र हाती यायचे होते. 1994मध्ये जेरी वर्कमन आणि क्रेग पीटरसन यांच्या गटांनी यीस्टमधून शुद्ध केलेला स्निफ प्रथिनांचा समूह न्यूक्लिओसोमांसोबत परीक्षानळीत ठेवला. या समूहाला आता स्विच-स्निफ म्हणतात. गॅल-4 या नियंत्रक प्रथिनाचे रूप न्यूक्लिओसोमवरच्या डीएनएला 10 ते 30 पटींनी अधिक बसू लागले. मात्र त्यासाठी एटीपी खर्ची पडावे लागते.

ती ऊर्जा कशाला? स्निफ-2 न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून दुहेरी सर्पिलाच्या साधारण दोन वळणांवर डीएनएला पकडते आणि एटीपी जाळत तो पुढे सरकवते. त्या ताणाने हिस्टोनांशी असलेले बंध सुटत जातात आणि डीएनए रिळावरून घसरतो. कधी रीळ बाजूला सरकते, कधी पूर्ण निघून जाते. न्यूक्लिओसोम हलवणारी सगळीच पुनर्रचना-संकुले उघडण्याचे काम करत नाहीत. आयस्वी गटातली काही संकुले न्यूक्लिओसोम सारख्या अंतरावर लावून उलट शिस्त आणतात. आणि कुठे उघडायचे हे स्विच-स्निफला स्वतःला पुरेसे ठाऊक नसते. डीएनएला बसलेले नियंत्रक प्रथिन त्याला बोलावते, हिस्टोनांच्या शेपटांवरचे अ‍ॅसिटिल गट त्याला तिथे टिकवतात.

आता माणसाकडे येऊ. तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडात किंवा मेंदूत होणारा ऱ्हॅबडॉइड ट्यूमर दुर्मीळ असतो आणि फार झपाट्याने वाढतो. 1998मध्ये त्याचे कारण सापडले: बाविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या. ते जनुक म्हणजे यीस्टच्या स्निफ-5चा माणसातला भाऊबंद. बाकीच्या जनुकसंचात या ट्यूमरमध्ये फारसे बिघाड नसतात. संकुलाचा एक घटक गेला की उघडण्याचे काम लंगडे पडते आणि जनुके बंद ठेवणाऱ्या पॉलीकोम्ब प्रथिनांचा पगडा वाढतो. पेशीची वाढ आवरणारे पी-16 हे जनुकही त्यात बंद राहते.

पॅथॉलॉजिस्ट आज निदानासाठी माणसातल्या याच स्निफ-5 प्रथिनाला रंग देतात. आयएनआय-1 असे त्या चाचणीचे नाव. निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात, ट्यूमरची कोरी राहतात. मात्र कोरे केंद्रक दिसले म्हणून लगेच निदान करायचे नसते. त्याच काचपट्टीवरच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगल्या आहेत का, हे आधी पाहायचे. त्याही कोऱ्या असतील, तर रंगच बसलेला नाही आणि चाचणी पुन्हा करावी लागते.