जतला की जताला?

‘जतमधल्यांना’ या शब्दात संगणकाला ‘जत’ हे गावाचं नाव, ‘मधल्यां’ आणि ‘ना’ हे तुकडे वेगळे ओळखावे लागतात. त्यासाठी मर्यादित अवस्थांचं यंत्र आखतात. प्रत्येक अवस्थेतून ठरावीक तुकड्यानंच पुढं जाता येतं. अखेरच्या अवस्थेला पोचलेला शब्द मान्य. तीच वाट उलटी चालली की शब्द घडतो. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मराठीसाठी असा विश्लेषक मांडला. त्यात सारख्या चालणाऱ्या शब्दांचे गट असतात, आणि खरी मेहनत इथंच आहे. ‘घर’चं ‘घराला’ होतं. जत चुकून त्याच गटात पडलं, तर यंत्र ‘जताला’ घडवेल आणि आपण रोज बोलतो ते ‘जतला’ नाकारेल. गावांची नावं म्हणूनच वेगळ्या गटात नोंदवावी लागतात.